जॉब रोज चालत होता, काम मात्र तीन आठवडे बंद: ब्लेमलेस रिव्ह्यू कसा घ्यायचा आणि टिकाऊ उपाय कोणते नोंदवायचे

जॉब क्रॅश झाला की निदान आरडाओरडा होतो. पण जो जॉब रोज वेळेवर सुरू होतो, काहीच न करता बाहेर पडतो आणि कुणाला अवाक्षर सांगत नाही, त्याचा ब्लेमलेस रिव्ह्यू, म्हणजे कुणाला दोष न देता घटनेची कारणं शोधणं, बहुतेक टीममध्ये चुकतो. होतं असं: कुणीतरी अडकलेली प्रोसेस मारतं, जॉब हाताने चालवतं, संध्याकाळच्या पंधरा मिनिटांच्या कॉलवर ‘टाइमआउट लावायचा राहिला होता’ एवढं ठरतं आणि तिकीट बंद होतं. पुढे कधीतरी दुसरा जॉब अगदी याच तऱ्हेने गप्प होतो, कारण पहिल्या वेळी फक्त एका ओळीची दुरुस्ती झालेली असते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. मुंबई-ठाण्यातल्या गृहनिर्माण संस्थांचे हिशेब सांभाळणारी एक छोटी कंपनी आहे असं समजा. रोज रात्री दीड वाजता एक जॉब पेमेंट गेटवेकडून आदल्या दिवशीचे मेंटेनन्सचे व्यवहार आणतो आणि ते सभासदांच्या खात्यांवर चढवतो. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, म्हणून क्रॉनमध्ये वेळ 20:00 अशी आहे:

```
0 20 * * * flock -n /run/lock/vasuli.lock /opt/vasuli/run.sh || exit 0
```

`flock` इथे कुलूप लावून एका वेळी एकच जॉब चालू देतो. आधीचा जॉब अजून चालू असेल तर नवा थांबत नाही, लगेच बाहेर पडतो. आतली स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे आणि `requests` वापरून गेटवेला विचारते. या लायब्ररीत टाइमआउट आपण स्वतः दिला नाही तर ती उत्तराची वाट अमर्याद बघते.

3 जून 2025 च्या पहाटे दीडला गेलेल्या विनंतीचं उत्तर आलंच नाही. प्रोसेस कुलूप धरून वाट बघत राहिली. 4 जूनपासून रोज नवा जॉब आला, कुलूप दिसलं, निघून गेला. 24 जूनला मुलुंडच्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला, ‘पैसे भरलेल्या सभासदांना थकबाकीचं व्याज कसं लागलं?’, तेव्हा हे उघड झालं.

## टप्पा 1: काहीही मारण्याआधी पुरावा उचला

अडकलेली प्रोसेस दिसली की हात आपोआप `kill` कडे जातो. पाच मिनिटं थांबा. जॉब तीन आठवडे बंद होता, आणखी पाच मिनिटांनी फरक पडणार नाही. प्रोसेस गेली की ती कधीपासून आणि कशावर अडकली होती हे सांगणारा एकमेव साक्षीदारही जातो. सर्व्हर रीबूट करणं तर त्याहून वाईट.

```
date; date -u
ps -eo pid,ppid,lstart,etime,cmd | grep vasuli | tee -a purava.txt
sudo lslocks -o COMMAND,PID,PATH | grep vasuli | tee -a purava.txt
sudo ss -tnp | grep python | tee -a purava.txt
sudo journalctl -u cron --since "2025-05-25" > cron.txt
```

`lstart` मध्ये प्रोसेस सुरू झाल्याची तारीख मिळते. `lslocks` कुलूप कुणाकडे आहे ते सांगतं. `ss` मध्ये त्या प्रोसेसचं कनेक्शन अजून ‘ESTAB’ दिसत असेल तर अर्थ असा की आपल्या बाजूला जोडणी जिवंत वाटते आहे. समोरच्या टोकाने किंवा मधल्या फायरवॉलने ती कधीच सोडून दिलेली असू शकते. सॉकेटवर कीप-अलाइव्ह चालू नसेल तर लिनक्स आपणहून हे तपासत नाही.

लॉग त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करा. लॉग ठराविक मुदतीनंतर पुसले जातात आणि आठवडेच्या आठवडे लपलेल्या घटनेत पहिल्या रात्रीचा लॉग नेमका पुसायच्या रांगेत असतो.

तपासा: प्रोसेसची सुरुवात, कुलूप कुणाकडे आणि कनेक्शनची स्थिती, या तिन्ही गोष्टी फाइलमध्ये आल्या का? आल्या असतील तरच पुढे जा.

## टप्पा 2: राहिलेलं काम भरून काढा, पण दुप्पट नको

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. जुनी प्रोसेस मारून, दुपारी सव्वाबाराला जॉब हाताने चालवला. तो नीट झाला, व्यवहार चढले, सगळ्यांनी हुश्श केलं. पण हा जॉब फक्त ‘कालचे’ व्यवहार मागतो. म्हणजे आला तो 23 जूनचा एक दिवस. 2 जून ते 22 जून हे एकवीस दिवस अजून गायबच आहेत आणि आता जॉब हिरवा दिसत असल्याने ते शोधायला कुणी जाणार नाही.

म्हणून आधी दिवसवार यादी काढा: प्रत्येक तारखेला गेटवेकडे किती व्यवहार, आपल्या खात्यांत किती, फरक किती. भरपाई त्या यादीवरून एकेक तारीख घेऊन करा आणि प्रत्येक तारखेनंतर बेरीज जुळवा.

दुसरा धोका हाताने केलेल्या नोंदींचा. जॉब बंद असताना जग थांबलेलं नसतं. आपल्या उदाहरणात 10 जूनला बोरिवलीच्या एका संस्थेतून दोन तक्रारी आल्या होत्या. सपोर्टने गेटवेच्या पोर्टलवर पैसे आल्याची खात्री करून दोन्ही नोंदी हाताने टाकल्या. आता भरपाईचा जॉब तेच व्यवहार पुन्हा चढवेल आणि त्या सभासदांच्या खात्यावर दुप्पट जमा दिसेल. गेटवेच्या व्यवहार क्रमांकावर डेटाबेसमध्ये युनिक बंधन असेल तर दुसरी नोंद नाकारली जाते. पण हाताने टाकलेल्या नोंदीत तो क्रमांक बहुधा नसतोच. अशा नोंदी आधी शोधून क्रमांक भरा, मग भरपाई चालवा.

चुकून लागलेलं व्याज उलटवणं हे वेगळं काम आहे आणि ते हिशेब विभागाच्या संमतीनेच करा. ते भरपाईच्या स्क्रिप्टमध्ये घुसडू नका.

## टप्पा 3: घटनाक्रम लिहा, एकाच घड्याळावर

बैठकीला बसण्याआधी घटनाक्रम लिहून तयार हवा. बैठकीत तो रचायला घेतला की निम्मा वेळ ‘नाही, ते त्याच्या आधी झालं’ यात जातो.

सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेत लिहा. लॉगमधली 2 जूनची 20:00 ची ओळ म्हणजे आपल्याकडचा 3 जूनचा पहाटेचा दीड. हा साडेपाच तासांचा फरक राहिला की तारीखच एका दिवसाने सरकते, आणि मग ‘2 तारखेला संध्याकाळी डिप्लॉय केलं त्यानेच झालं’ असा खोटा धागा तयार होतो. त्या डिप्लॉयवाल्याची संध्याकाळ विनाकारण खराब होते.

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहा: काय घडलं, त्या वेळी माणसाला पडद्यावर काय दिसत होतं, आणि त्यावरून त्याने काय केलं. मधली गोष्ट लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण ब्लेमलेस रिव्ह्यूचा सगळा भार तिच्यावरच आहे. उदाहरणादाखल दोन नोंदी:

10 जून, सकाळ: बोरिवलीच्या दोन तक्रारी. पडद्यावर गेटवेत पैसे जमा, खात्यात नाहीत. सपोर्टच्या मार्गदर्शक पानावर लिहिलेलं होतं की गेटवेकडून एक-दोन दिवस उशीर होतो, तातडीचं असेल तर हाताने नोंद करा. तसं केलं.

18 जून, दुपार: दुसऱ्या कामासाठी एका डेव्हलपरने क्रॉनचा लॉग उघडला. रोज 20:00 ला ‘CMD’ची ओळ होती. जॉब चालू आहे असं समजून पुढे गेला.

या दुसऱ्या नोंदीवर थोडं थांबायला हवं. क्रॉनच्या लॉगमधली ‘CMD’ ओळ एवढंच सांगते की कमांड सुरू केली. ती यशस्वी झाली का, किती वेळ चालली, काही काम झालं का, यातलं काहीही ती सांगत नाही. डेव्हलपरने लॉग बघितला नाही असं नाही. लॉगमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

तपासा: घटनाक्रमात माणसांची नावं आहेत का? असतील तर भूमिका लिहा: सपोर्टवरची व्यक्ती, ऑन-कॉल अभियंता. ‘बघितलं नाही’, ‘विसरला’, ‘लक्ष दिलं नाही’ असे शब्द सापडले तर त्या जागी पडद्यावर काय दिसत होतं ते लिहा.

## टप्पा 4: बैठक

भरपाई पूर्ण झाल्यावर, पण आठवडा उलटायच्या आत घ्या. तासभर पुरतो. दुपारी तीनची वेळ बरी. सहाला ठेवली तर साडेसहाची फास्ट गाठायची घाई असलेली माणसं कशालाही ‘हो’ म्हणतात, आणि जूनच्या पावसात तर ती पाचलाच घड्याळाकडे बघू लागतात.

सपोर्टच्या माणसाला बोलवाच. पहिला इशारा त्यांच्याकडे आला होता आणि त्यांच्याशिवाय ‘का कळलं नाही’ याचं उत्तर कुणाकडेच नाही. बैठक चालवणारा शक्यतो तो जॉब लिहिलेल्या टीमबाहेरचा असावा. साहेब लोक असतील तर त्यांना शेवटी बोलायला सांगा. ‘सरांनी’ एकदा कारण सांगितलं की नव्या मुलाच्या तोंडून वेगळं काही निघत नाही.

प्रश्नांची घडण महत्त्वाची. ‘टाइमआउट का लावला नाहीस?’ याला उत्तर एकच, ‘सॉरी सर’. त्याऐवजी विचारा: ‘ही ओळ लिहिताना समोर कोणता नमुना होता?’ मग कळतं की ती आधीच्या जॉबमधून उचलली होती आणि आणखी पाच जॉबमध्ये तशीच आहे. ‘तक्रार पुढे का कळवली नाही?’ ऐवजी ‘एरवी अशा तक्रारी आठवड्याला किती येतात आणि त्यातली कोणती पुढे कळवायची, हे कशावरून ठरवता?’ असं विचारा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ब्लेमलेस म्हणजे गुळमुळीत नव्हे. ‘नोंदी चढवण्याच्या प्रक्रियेत काही अडचणी उद्भवल्या’ असलं सरकारी वाक्य कुणालाच दोष देत नाही, पण काही सांगतही नाही. ‘क्रॉनच्या ओळीतलं `|| exit 0` प्रत्येक अपयश गिळत होतं’ हे वाक्य नेमकं आहे आणि त्यात कुणाचं नावही नाही.

## टप्पा 5: कारणांच्या दोन साखळ्या, वेगवेगळ्या

जवळपास सगळे रिव्ह्यू इथे एकच साखळी काढतात: काम का थांबलं. गप्प राहिलेल्या जॉबमध्ये दुसरी साखळी जास्त लांब आणि जास्त कामाची असते: ते बावीस रात्री कुणाला कळलं का नाही. फळ्यावर मधोमध रेघ मारा आणि दोन्ही स्वतंत्र लिहा.

पहिली साखळी छोटी आहे. उत्तर आलं नाही, विनंतीला कालमर्यादा नव्हती, पूर्ण जॉबलाही नव्हती, म्हणून कुलूप सुटलं नाही.

दुसरी अशी: कुलूप न मिळाल्यावर जॉब यशाचा कोड देऊन बाहेर पडत होता. पण तो अपयशाचा कोड देता तरी काय झालं असतं? क्रॉन एक्झिट कोडवरून कुणालाही उठवत नाही. जॉबने काही छापलं तर ते तो मेल करतो, आणि मेल पाठवायची सोयच सर्व्हरवर नसेल तर डेबियन-उबंटूवर ‘No MTA installed, discarding output’ अशी ओळ लॉगमध्ये टाकून सोडून देतो. म्हणजे फक्त `|| exit 0` काढून टाकणं हा उपाय वाटतो, पण ऐकणारं कुणी नसेल तर त्याने काहीच बदलत नाही. शिवाय खात्यांमध्ये शेवटची नोंद किती जुनी आहे हे कुठेही मोजलं जात नव्हतं. आणि उशीर नेहमीचाच आहे असं लिखित पान होतं, ज्याने खरा इशारा नेहमीच्या कटकटीत जमा केला.

मेलवर विसंबणंही पुरेसं नाही. 31 जानेवारी 2017 च्या घटनेनंतर गिटलॅबने स्वतःचा रिव्ह्यू जाहीर केला. त्यात दिसतं की चुकीच्या आवृत्तीच्या `pg_dump` मुळे त्यांचे बॅकअप अयशस्वी होत होते आणि त्याची सूचना देणारे क्रॉनचे मेल स्वाक्षरी नसल्याने नाकारले जात होते. सूचना पाठवणारी वाट स्वतःच गप्प होती.

## टप्पा 6: कोणते उपाय नोंदवायचे

चार-पाचच घ्या. पंधरा घेतले की दोन सोपे होतात आणि बाकीचे पुढच्या वर्षीच्या यादीत सापडतात. प्रत्येकाला एक मालक, एक तारीख आणि ‘झालं हे कसं सिद्ध करणार’ याची एक ओळ हवी. इथे मालकाचं नाव जरूर लिहा. पुढच्या कामाची जबाबदारी देणं म्हणजे झालेल्या गोष्टीचा दोष देणं नव्हे.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा उपाय म्हणजे न आलेल्या हाकेवर वाजणारा अलार्म. जॉबने काम झाल्यावर बाहेरच्या तपासनीसाला हाक द्यायची. 26 तासांत हाक आली नाही तर तपासनीस ओरडतो. चोवीसच्या वर दोन तास एवढ्यासाठी की जॉब कधी लवकर संपतो, कधी उशिरा. यात दोन चुका होतात. एक, हाक स्क्रिप्टच्या सुरुवातीला दिली जाते. ती शेवटी, नोंदी चढल्याची मोजणी झाल्यावरच हवी, आणि कुलूप न मिळालेल्या जॉबने तर ती देऊच नये. दुसरी, तपासनीस त्याच सर्व्हरवर बसवला जातो. सर्व्हर गेला की दोघेही गप्प.

दुसरा उपाय परिणाम मोजण्याचा: सर्व संस्था मिळून शेवटचा चढलेला व्यवहार किती तासांपूर्वीचा? यूपीआय सुट्टीच्या दिवशीही चालतं, त्यामुळे शेकडो संस्थांमध्ये मिळून पूर्ण दिवस शून्य व्यवहार हे संशयास्पदच. एकेका संस्थेसाठी मात्र शून्य सामान्य आहे, तिथे हा अलार्म लावला तर रोज वाजेल आणि आठवड्यात कुणीतरी तो म्यूट करेल. जॉब पूर्ण झाला पण गेटवेने रिकामी यादी दिली, हा प्रकार पहिल्या अलार्मला कळत नाही, यालाच कळतो.

तिसरा, कालमर्यादा दोन पातळ्यांवर. स्क्रिप्टमध्ये विनंतीला `timeout=(5, 60)`, म्हणजे जोडणीला 5 सेकंद आणि उत्तरासाठी 60. ही दुसरी मर्यादा दोन तुकड्यांमधल्या शांततेला लागते, पूर्ण उत्तराला नाही. थेंबथेंब येणारं उत्तर तिच्या तावडीतून सुटतं. म्हणून बाहेरूनही एक हवी:

```
0 20 * * * flock -n -E 75 /run/lock/vasuli.lock timeout -k 60 45m /opt/vasuli/run.sh
```

45 मिनिटांनी जॉब थांबवला जाईल, तरी नाही थांबला तर आणखी 60 सेकंदांनी जबरदस्तीने. एरवी जॉब किती वेळ घेतो ते बघून हा आकडा त्याच्या तीन-चार पट ठेवा. 75 हा कोड ‘कुलूप मिळालं नाही’ हे इतर अपयशांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून. लॉगमध्ये तो दिसायला हवा असेल तर `flock` च्या या पूर्ण कमांडला बाहेरून एक छोटं आवरण लागेल.

चौथा, ‘कालचे’ ऐवजी ‘शेवटच्या यशस्वी तारखेनंतरचे सगळे’ मागणारा जॉब, सोबत व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन. हे दोन्ही एकत्रच करा. बंधनाशिवाय मागचे दिवस पुन्हा मागणं म्हणजे दुप्पट नोंदींना आमंत्रण.

पाचवा, क्रॉनमधली तीच ओळ इतर कुठे आहे ते शोधणं:

```
sudo grep -rn "flock -n\||| exit 0" /etc/crontab /etc/cron.* /var/spool/cron
```

काय नोंदवू नये? ‘यापुढे टाइमआउटची काळजी घेऊ.’ ‘रोज सकाळी कुणीतरी डॅशबोर्ड बघेल.’ ‘टीमला ट्रेनिंग देऊ.’ पहिल्याला शेवट नाही, दुसरं गणपतीच्या सुट्टीपर्यंत टिकतं आणि तिसऱ्याने त्या रात्री काहीच बदललं नसतं. सपोर्टचं पान बदलणं मात्र नोंदवण्याजोगं आहे, कारण तिथे नेमका आकडा घालता येतो: दोन वेगळ्या दिवशीचे व्यवहार अडकलेले दिसले किंवा एकाच दिवशी दोन संस्थांतून तक्रार आली, तर हाताने नोंद करा आणि ऑन-कॉलला फोनही करा.

इशारा: अलार्म टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडू नका. ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. त्या आठवड्याच्या एका ठरलेल्या माणसाच्या फोनवर जाऊ द्या आणि त्याने अर्ध्या तासात पोच दिली नाही तर दुसऱ्याच्या.

## टप्पा 7: मुद्दाम मोडून बघा

कोड मर्ज झाला म्हणजे उपाय झाला असं धरू नका. चाचणीच्या सर्व्हरवर संध्याकाळी कुलूप मुद्दाम धरून ठेवा:

```
flock /run/lock/vasuli.lock sleep 30h
```

तीस तास यासाठी की 26 तासांचा अलार्म मधेच वाजायला हवा. फोन वाजला का, कुणाचा वाजला, संदेशात कोणता जॉब आणि शेवटचं यश कधीचं हे लिहिलं होतं का, ते बघा. ‘चेक फेल्ड’ एवढाच संदेश रात्री साडेतीनला आला तर झोपेतल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. मग गेटवेच्या जागी उत्तरच न देणारा सर्व्हर ठेवून 60 सेकंदांची मर्यादा लागते का ते बघा, आणि तिसऱ्यांदा रिकामी यादी देऊन दुसरा अलार्म वाजतो का ते.

तिन्ही चाचण्यांची तारीख आणि निकाल रिव्ह्यूच्या नोंदीतच, त्या त्या उपायासमोर लिहा. एखादी चाचणी फसली तर उपायाची तारीख पुढे ढकला, पण नोंद उघडी ठेवा. प्रॉडक्शनमधली भरपाईची दिवसवार यादीही त्याच नोंदीला जोडा. पुढच्या ऑडिटला सीए विचारतील की 2 ते 22 जूनच्या पावत्या एकाच दिवशी कशा बनल्या, तेव्हा उत्तर तिथे सापडेल.